पाचशेतलं एक पॅकेट

कंपनीत सगळे त्यांना अँटेनाकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे अँटेना. उंची सहा फूट, अंगावर मूठभर मांस नाही, आणि समोरचा बोलायला लागला की मान एका बाजूला कलती करून ऐकायची सवय. नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. काकांना हे नाव ठाऊक होतं आणि आतून ते आवडायचंही.

तेहतीस वर्षं त्यांनी वायरलेस संच दुरुस्त केले होते. खाणीतले, बंदरावरचे, अग्निशमनाच्या गाड्यांतले. खरखरीतून माणसाचा आवाज उचलायचा त्यांचा कान असा, की समोरचा संच भिजलाय की बॅटरी उतरलीय, हे ते ऐकून सांगत. निवृत्तीनंतर घरी बसून त्यांनी आठ महिन्यांत घरातले सगळे पंखे, कुलुपं आणि बायकोचं डोकं दुरुस्त करायला घेतलं. मग बायकोनंच एके दिवशी मुलीला फोन केला, "ह्यांना तुझ्या नवऱ्याकडे कामाला लाव, नाहीतर मी माहेरी जाते." माहेरी कोणी उरलं नव्हतं, तरी धमकी लागू पडली.

जावयाची ड्रोनची कंपनी होती. कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या गल्लीतली एक पत्र्याची शेड, बारा माणसं, आणि भिंतीवर जावयाचे कोणाकोणाशी हात मिळवतानाचे फोटो. खाणी, धुराडी, धरणाच्या भिंती यांची पाहणी करणारे चार किलोचे छोटे ड्रोन इथे बनत. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही लिंक बघा." लिंक म्हणजे पायलटच्या हातातल्या पेटीतून ड्रोनला जाणारा हुकूम. वर जा, खाली ये, मागे हो. तो हुकूम हवेतून जातो, आणि हवा ही काकांची ओळखीची होती.

घरी ते जावयाला जावईबापू म्हणत आणि शेडमध्ये साहेब. जेवताना जावई वाढू का विचारायचा आणि सकाळी तोच माणूस काकांच्या रजेच्या अर्जावर सही करायचा. सासऱ्यानं जावयाच्या हाताखाली काम करणं हा काय प्रकार असतो, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तिथे भांडणसुद्धा नीट करता येत नाही. आवाज चढला की संध्याकाळी मुलीचा चेहरा उतरलेला दिसतो.

पहिला खटका उडाला तो फ्रिक्वेन्सीवरून. काकांना खालचा पट्टा हवा होता, नऊशे मेगाहर्ट्झच्या आसपासचा, जेवढा नियमात बसतो तेवढा. त्या लहरी लांब असतात, कडेकपारीला थोड्याफार वळून जातात, झाडाझुडपांतून कमी मरतात. जावयाला दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झ हवा होता. त्याला अँटेना बोटाएवढा पुरतो, ड्रोन दिसायला सुबक दिसतो.

"साहेब, त्या पट्ट्यात सगळ्यांचं वायफाय आहे," काका म्हणाले. "शिवाय समोर दगड आला की ही लहर दगडाशी वाद घालत नाही. तिथेच बसते."

"बाबा, गिऱ्हाईक अँटेना बघतं. टोपीवर फांदी लावल्यासारखा ड्रोन कोण घेईल?"

बरं, दोन पॉइंट चार तर दोन पॉइंट चार. काकांनी मग विनवलं, निदान पॅकेट सावकाश पाठवू. पेटी हुकूम सलग पाठवत नाही, लहान लहान तुकड्यांत पाठवते, त्यांना पॅकेट म्हणायचं. सेकंदाला पन्नास पाठवली तर प्रत्येकाला हवेत जास्त वेळ मिळतो आणि ती क्षीण सिग्नलमध्येही ओळखू येतात. पाचशे पाठवली तर हुकूम झटपट पोहोचतो, पण ऐकायची ताकद दहा डेसिबलनं घटते. म्हणजे मोकळ्या मैदानात पल्ला जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. कारण रेडिओत फुकट काही मिळत नाही.

जावयानं पाचशे निवडली. प्रात्यक्षिकाला गिऱ्हाइकाच्या हातात पेटी द्यायची, पेटीवरची काडी हलवली की ड्रोन हलला पाहिजे, त्याच क्षणी. काकांनी कागदावर मांडून दाखवलं: पन्नासला दोन पॅकेटांमध्ये वीस हजारांश सेकंद जातात, पाचशेला दोन. वाचले अठरा. पापणी लवायला त्याच्या दहापट वेळ लागतो. आणि कॅमेऱ्याचं चित्रच मुळी दीडशे हजारांश उशिरा येतं, मग या अठराचं लोणचं घालायचं का? जावई हसला, कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही फार खोलात जाता." हे वाक्य तो त्यांना घरीही म्हणायचा, टीव्हीच्या रिमोटवरून.

आता या गोष्टीतला खरा काटा. लिंक तुटली तर ड्रोननं काय करायचं, हे आधीच शिकवून ठेवावं लागतं. त्याला फेलसेफ म्हणतात. या ड्रोनला असं शिकवलं होतं की सबंध एक सेकंद एकही पॅकेट आलं नाही, तर लिंक गेली समजायचं, सरळ वर चढायचं आणि उडालो तिथे परत यायचं. तोवर शेवटचा आलेला हुकूम पाळत राहायचं. ऐकायला किती शहाणपणाचं! आणि हे तपासायचं कसं? ड्रोन उडवायचा, पेटी बंद करायची, बघायचं. जगभर असंच तपासतात. तपासणीच्या फॉर्मवरही तेच होतं: 'ट्रान्समीटर बंद केल्यावर ड्रोन परत येतो का? हो / नाही.'

काकांनी मात्र आयुष्यात लिंक अशी तुटलेली पाहिली नव्हती. बोलता बोलता कोणी पेटी बंद करत नाही. आवाज खरखरतो, एखादा शब्द येतो, मग नुसती खरखर, मग अर्धा शब्द. माणूस दूर जातो तो असा. म्हणून त्यांनी पेटी पत्र्याच्या बंद डब्यात ठेवली, अँटेनाच्या जागी वायर लावली आणि मध्ये सिग्नल पायरीपायरीनं कमी करणारी बटणांची डबी बसवली. ड्रोन पंखे काढून टेबलावर. मग एकेक डेसिबल कमी करत गेले.

आणि एका पायरीवर गंमत झाली. सेकंदाला पाचशे पॅकेट निघत होती आणि पोहोचत होती एक, फार तर दोन. बाकीची वाटेत मेली. पण ते एक पॅकेट आलं की ड्रोनचं घड्याळ पुन्हा शून्यावर. सेकंद पुरा व्हायच्या आत दुसरं एखादं पोहोचायचंच. ड्रोन म्हणत होता, लिंक आहे. पेटीवरचा दिवा हिरवा. आणि काडी मागे ओढली की मोटारी कधी अर्ध्या सेकंदानं ऐकत, कधी पाऊण, कधी त्याहून उशिरा. ज्या अठरा हजारांशांसाठी एवढा आटापिटा केला, तिथे आता नऊशे जात होते. ना धड तुटलेलं, ना धड जुळलेलं.

त्यांनी जावयाला बोलावून दाखवलं. उपायही सांगितला: पॅकेट आलं का, एवढंच विचारू नका, शंभरातली किती आली ते मोजा. ठरावीक टक्क्यांखाली गेली की लिंक गेली समजा आणि ड्रोनला घरी बोलवा. चार सेकंद नीट लिंक जुळल्याशिवाय पायलटच्या हाती परत देऊ नका. सॉफ्टवेअरच्या माणसाला तीन आठवडे लागले असते.

"पुढच्या आवृत्तीत घेऊ," जावई म्हणाला. "सोमवारी खाणवाल्यांना ड्रोन द्यायचेत. फॉर्ममध्ये हा रकाना आहे का?"

"नाही."

"पेटी बंद केली की परत येतो ना?"

"येतो."

"मग तेवढं लिहा, बाबा."

काकांनी 'हो'वर खूण केली आणि सही केली. खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

गिऱ्हाइकांसाठी ड्रोन उडवणारी पायलटबाई कंपनीत त्यांच्याच टेबलाशेजारी बसायची. पस्तिशीची, आधी शाळेत खेळ शिकवायची, नवरा दुसऱ्या गावी नोकरीला. हात असे स्थिर की काका म्हणायचे, "तुझ्या हातावर पाण्याचा पेला ठेवला तर हिंदकळणार नाही." ती डबा उघडला की न विचारता अर्धी भाजी त्यांच्या झाकणात काढायची आणि तिखट झालंय का हे आधी त्यांना चाखायला लावायची. "काका, तुमच्यावर प्रयोग," म्हणायची. शेडमध्ये काकांना साहेबांचा सासरा न समजता नुसता माणूस समजणारी ती एकटी होती.

अपघात झाला तो ड्रोन दिल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात, लख्ख सकाळी. चुनखडीच्या खाणीत तळाशी पाणी उपसायचा पंप होता आणि वरच्या भिंतीत तडा दिसला होता. त्याचे फोटो हवे होते. बाई खाणीच्या काठावर उभी राहणार होती, पण खाणीच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं तिला काठापासून पंधरा मीटर मागे जायला लावलं, काठ कच्चा होता म्हणून. त्यामुळे ड्रोन खाली उतरला की तो आणि तिच्या हातातली पेटी यांच्या मध्ये काठाचा दगड येत होता. चित्र घेणारा अँटेना उंच खांबावर होता, म्हणून चित्र शेवटपर्यंत ठीक येत राहिलं. हुकूम देणारा अँटेना तिच्या छातीशी होता. जावई स्वतः तिथे होता, गिऱ्हाइकाला घेऊन. "अजून थोडं खाली घे, तडा नीट दिसू दे," हे त्यानंच म्हटलं. ड्रोन भिंतीच्या कडेनं सेकंदाला चार मीटरनं सरकत पंपाच्या पाइपाला आधार देणाऱ्या लोखंडी घोडीला जाऊन धडकला आणि उलटापालटा होत खालच्या पंपवाल्यावर पडला. त्यानं तोंड वाचवायला हात वर केला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत पेटी काकांच्या टेबलावर आली. बाई समोर उभी होती, हात पदरात गुंडाळलेले.

"काका, मी मागे ओढलं होतं. मला वाटतं मी वेळेत ओढलं होतं."

"बस जरा. पाणी पी."

"ते म्हणतात, ड्रोनच्या नोंदीत उशीर दिसतोय. खरंच उशीर झाला असेल का हो माझा? घोडी दिसली आणि मी ओढलं. आधी ओढलं ना मी?"

"बघतो," काका म्हणाले. ती गेली तेव्हा त्यांनी पेटीतलं कार्ड काढलं.

ड्रोनमध्ये नोंद होते ती हुकूम पोहोचल्याची. पेटीत नोंद होते ती हुकूम दिल्याची. उड्डाणाआधी दाबलेली कळ दोन्हीकडे नोंदली होती, तिच्यावरून काकांनी दोन्हींची घड्याळं जुळवली आणि पानं शेजारी शेजारी ठेवली. बाईनं काडी मागे ओढली तेव्हा घोडी सहा मीटरवर होती. त्या वेगात थांबायला तीन पुरले असते. ड्रोनला ते कळलं नऊ दशांश सेकंदानं, आणि तेवढ्यात तो साडेतीन मीटर पुढे गेलेला. धडकेच्या आधीचे सात सेकंद लिंक पाचशेत एकदोन पॅकेटांवर तगून होती. पूर्ण तुटली असती तर पहिल्याच सेकंदाला ड्रोन वर चढून परत निघाला असता आणि पंपवाल्याची बोटं आज त्याच्या हाताला असती. ड्रोनच्या नोंदीत मात्र लिंकचा एकच रकाना होता, आहे किंवा नाही, आणि त्यात शेवटपर्यंत 'आहे'.

काकांनी कार्ड पाकिटात घातलं, पाकीट खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. जावयाला दाखवलं नाही. कोणालाच नाही.

दोन दिवसांनी मुलगी आली. आईशी दोन शब्द बोलली आणि वडिलांच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"बाबा, परवा चौकशीला तुम्हाला बोलावतील. हे रात्रभर येरझाऱ्या घालतात. कंपनीचाच दोष निघाला तर शेडला टाळं लागेल."

"आणि त्या बाईचं काय?"

"तिला दुसरीकडे मिळेल काहीतरी. ह्यांनी सांगितलंय, तिचं आम्ही बघू." मग ती हळूच म्हणाली, "तुमची पण सही आहे त्या फॉर्मवर. हे म्हणाले नाहीत काही, मीच म्हणतेय."

लेकीनं हे म्हणायला नको होतं. खरं असलं तरी नको होतं. काकांना तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण सहीची आठवण त्यांना तिच्या आधीच झाली होती.

चौकशी खाणीच्या कचेरीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर हेल्मेट घालण्याबद्दलची पाटी. चौकशी अधिकारी सभ्य होता, पण तो फॉर्म वाचणारा माणूस होता. त्याच्यासमोर ड्रोनची नोंद होती, पेटीतही नोंद असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"ट्रान्समीटर बंद केल्यावर ड्रोन परत येतो, ही सही तुमची?"

"हो."

"तसं तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"हो."

काका पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. मान कलती करून, नेहमीसारखी. हा माणूस आता विचारेल, की सिग्नल हळूहळू गेला तर काय होतं? विचारलं असतं तर आपण सांगितलं असतं, असं ते पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. अधिकाऱ्यानं पान उलटलं.

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेली बाई म्हणाली, "मी एक विचारू का?" अधिकाऱ्यानं मान हलवली. ती काकांकडे वळली. "काका, तुम्ही सांगा. लिंक तुटली होती का?"

तिला एवढंच विचारता येत होतं. तिला काडी यायची, रेडिओ येत नव्हता. खोलीत सगळे काकांकडे बघत होते, जावई टेबलाकडे.

"नाही," काका म्हणाले. "तुटली नव्हती."

हेही खरंच होतं. शब्द न् शब्द खरा. बाईनं मान डोलावली, जशी शिक्षकानं गणित चुकलं म्हटल्यावर पोरं डोलावतात, आणि हात मांडीवर उलटे ठेवून त्या हातांकडे पाहत बसली.

निकाल आला: पायलटनं ड्रोन काठाखाली नेला आणि मागे ओढायला उशीर केला. तिचा परवाना रद्द झाला. तिचं 'बघणारे' नंतर तिचा फोन उचलत नव्हते. पाच महिन्यांनी कंपनीच्या ड्रोनची नवी आवृत्ती आली. माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं की आमचा ड्रोन लिंक पूर्ण तुटायची वाट बघत नाही, ती क्षीण होतानाच ओळखतो आणि परत येतो. जावयानं पत्रक काकांच्या हातात दिलं. "तुमची कल्पना, बाबा. बघा, घेतली की नाही?" तो मनापासून खूष होता, हेच काकांना सोसवलं नाही. तपासणीच्या फॉर्मवरही आता नवा रकाना होता. जावई म्हणाला, पहिली सही तुमचीच हवी.

काकांनी सही केली नाही. खण उघडला, पाकीट घेतलं, दोन्ही नोंदींची पानं छापून घेतली आणि भर दुपारी बस पकडून बाईच्या घरी गेले.

दुसऱ्या मजल्यावरचं घर, दाराशी मुलांच्या चपला. बाईला त्यांना पाहून आनंद झाला. खरंच झाला. "काका! या ना. किती वाळलात! बसा, चहा टाकते," म्हणत ती आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर येऊन समोर बसली. आता ती एका दुकानात मालाची यादी करायला जात होती. ती म्हणाली, "बरं आहे. हातांचं काम नाही. हल्ली मला हातांचा भरवसाच वाटत नाही. स्कूटर पण विकली, ब्रेक वेळेवर लागेल की नाही वाटायचं. धाकटीला रस्ता ओलांडताना मी धरत नाही, थोरलीला धरायला सांगते."

काकांनी पानं तिच्यासमोर ठेवली. बोटानं दाखवलं. हा तुझा हात. हे ड्रोनला कळलं ते. यांच्यामध्ये हे एवढं.

तिला समजायला वेळ लागला. दोनदा तिनं बोट फिरवलं. "म्हणजे मी वेळेत ओढलं होतं."

"हो."

तिचे डोळे भरले आणि क्षणभर तिचा चेहरा असा उजळला, की काकांना वाटलं, चला, उशिरा का होईना. मग तिनं वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. पेटीतून नोंद काढल्याची तारीख तिथे आपोआप छापून येते.

"हे त्याच दिवशीचं आहे."

"हो."

"चौकशीच्या दिवशी तुमच्याकडे होतं हे?"

"हो," काका म्हणाले.

ती उठली. पानं नीट जुळवून तिनं कपाटावर ठेवली आणि आत गेली. काका मान कलती करून ऐकत राहिले. पाण्याला नुकती उकळी फुटायला लागली होती. मग गॅसची कळ फिरल्याचा आवाज आला आणि उकळी थांबली. ती बाहेर आली नाही. काकांनी चपला घातल्या, मुलांच्या चपला सारून दार पुढे ओढून घेतलं आणि जिना उतरले.